बायो टॅपेस्ट्रीचा काठ कसा वाचावा

प्रश्न: बायो टॅपेस्ट्रीचे फोटो बघत होतो. मधल्या पट्ट्यात 1066 च्या लढाईची गोष्ट आहे हे कळलं, पण वरच्या-खालच्या काठात पक्षी, सिंह, नांगरणारा शेतकरी, चक्क नागडी माणसं पण आहेत. ही नुसती सजावट आहे की अभ्यासक त्यातूनही इतिहास काढतात? आणि काढतात तर कसा, म्हणजे मनचं काही जोडत नाहीत हे कशावरून?

उत्तर:

काही ठिकाणी ती निव्वळ सजावट आहे, काही ठिकाणी वरच्या प्रसंगावरचे भाष्य आहे आणि काही ठिकाणी तो काठ राहिलेलाच नाही, लढाईच त्यात सांडली आहे. खरी अडचण अशी की हे तिन्ही प्रकार एकाच कापडावर एकमेकांना लागून येतात, त्यामुळे संपूर्ण काठाला लागू पडेल असे एक उत्तर देता येत नाही आणि प्रत्येक तुकडा वेगळा तपासावा लागतो. मी वस्त्रसंवर्धनाचे काम करते, म्हणून कापडापासूनच सुरुवात करते.

नाव टॅपेस्ट्री असले तरी ही टॅपेस्ट्री नाही, भरतकाम आहे. टॅपेस्ट्रीत चित्र मागावरच, रंगीत बाण्यातून विणले जाते. पैठणीच्या पदरातला मोर तसा विणलेला असतो, म्हणून त्या अर्थाने पैठणीचा पदर बायोच्या कापडापेक्षा अधिक खरी टॅपेस्ट्री आहे. बायोचे कापड म्हणजे साध्या विणीच्या लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या, नऊ तुकड्यांवर लोकरीच्या धाग्याने केलेले काम आहे. लांबी सुमारे 68 मीटर आणि उंची जेमतेम अर्धा मीटर. रेषा आणि अक्षरे स्टेम टाक्याने काढली आहेत, फुलांचे देठ भरताना आपण वापरतो त्याच टाक्याने. आतली जागा भरताना धागे शेजारी शेजारी पसरले आहेत, त्यांच्यावर अंतराअंतराने आडवे धागे टाकले आहेत आणि ते बारीक टाक्यांनी कापडाशी आवळले आहेत. या पद्धतीत बहुतेक लोकर पुढच्या बाजूला राहते आणि मागे फारशी वाया जात नाही.

हा तपशील सांगण्यामागे कारण आहे. विणलेल्या चित्रात नंतर कोणी बदल केला तर तो लपवणे अवघड जाते. भरतकामात मात्र जुना धागा निघून जातो, त्याची छिद्रे उरतात, आणि दोन-चारशे वर्षांनी कोणीतरी त्या छिद्रांतून किंवा त्यांच्या शेजारून नवा धागा ओढतो. पूर्वी एका संग्रहात माझ्याकडे एक भरतकामाचा रुमाल आला होता. त्याच्या एका कोपऱ्यातल्या पोपटावरून मी त्याचा काळ ठरवून टाकला होता, आणि रुमाल उलटा केल्यावर दिसले की तो पोपट पूर्ण नंतरचा आहे. तेव्हापासून कापड उलटे केल्याशिवाय मी त्याच्याविषयी काही बोलत नाही. बायोच्या कापडाची मागची बाजू 1982-83 मध्ये, ते नव्या जागी हलवताना, अस्तर काढून नीट तपासली गेली आणि जुने टाके कोणते, डागडुजीचे कोणते, हे वेगळे करता आले. त्याशिवाय दोन जुने साक्षीदार आहेत. अंत्वान बन्वा याने केलेली रेखाटने 1729-30 मध्ये छापली गेली, आणि चार्ल्स स्टॉथर्ड याने 1816 पासून कापडासमोर बसून, छिद्रांसकट पाहणी करून रंगीत चित्रे केली. एकोणिसाव्या शतकातली मोठी डागडुजी या दोघांच्या नंतरची आहे. त्यामुळे काठातल्या कोणत्याही आकृतीवर मत देण्याआधी पहिला प्रश्न हा असतो: ही आकृती बन्वाच्या रेखाटनात आहे का आणि तिचे टाके मूळचे आहेत का?

काठातून मिळणारा सगळ्यात निर्विवाद पुरावा गोष्टीविषयीचा नाही, कामाच्या पद्धतीविषयीचा आहे, हे मला नेहमी गमतीचे वाटते. पहिला लिननचा तुकडा पावणेचौदा मीटरच्या आसपास संपतो आणि दुसरा जोडला जातो तिथे वरच्या काठाची रेघ जुळत नाही. साडीला फॉल लावताना काठ सरकावा तशी ती सरकलेली आहे. पुढचे जोड मात्र असे बेमालूम आहेत की शोधावे लागतात. याचा अर्थ तुकडे वेगवेगळे भरून मग जोडले गेले, आणि पहिल्या जोडाची चूक लक्षात आल्यावर कारागिरांनी जोडल्यानंतर वरून भरून तो झाकण्याची पद्धत सुधारली. हे कोणत्याही लेखी कागदात नाही. या कापडाचा आपल्याला मिळालेला पहिला लेखी उल्लेख फ्रान्समधल्या बायो गावच्या कॅथेड्रलमधल्या 1476 च्या वस्तुयादीत आहे, म्हणजे ते तयार झाल्यानंतर सुमारे चारशे वर्षांनंतरचा. ते 1070 च्या दशकात, बहुधा इंग्लंडमधल्या कँटरबरीत आणि बहुधा 1066 ची लढाई जिंकणारा नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याचा सावत्र भाऊ बिशप ओडो याच्यासाठी तयार झाले, हे सगळे अनुमान कापडावरूनच काढलेले आहे.

आता गोष्टींकडे वळू. इंग्लंडचा राजा एडवर्ड याच्या दरबारातला बलाढ्य सरदार हॅरॉल्ड बोशमहून जहाजात बसतो, समुद्र ओलांडतो आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर पकडला जातो. हा प्रवास वर चालू असताना खालच्या काठात प्राण्यांच्या जोड्यांमध्ये एकदम ओळखीचे प्रसंग दिसू लागतात: कोल्हा आणि कावळा, लांडगा आणि कोकरू, लांडग्याच्या घशात चोच घालणारा करकोचा. आपण लहानपणी वाचलेल्या इसापनीतीतल्याच या गोष्टी आहेत. कावळ्याच्या चोचीत मराठी पुस्तकात कधी पुरी असते तर कधी मांसाचा तुकडा, इथे चीज आहे. त्या काळी या गोष्टी युरोपात फीड्रस या रोमन लेखकाच्या लॅटिन परंपरेतून आलेल्या होत्या आणि मठांमध्ये शिकणाऱ्यांना त्या पाठ असत.

कोल्हा-कावळ्याची गोष्ट काठात तीनदा येते, आणि तिन्ही वेळा हॅरॉल्डच्या नॉर्मंडीच्या या प्रवासातच येते, जाताना, तिथे असताना आणि परतताना. तिन्ही ठिकाणचे चित्रण हुबेहूब सारखे नाही. इथूनच वाद सुरू होतो. नॉर्मन पक्षाचा वाचक म्हणेल की गोड बोलून दुसऱ्याचा घास पळवणारा कोल्हा म्हणजे हॅरॉल्ड, कारण पुढे तो विल्यमसमोर शपथ घेतो आणि ती मोडून राज्य बळकावतो. इंग्रज पक्षाचा वाचक त्याच चित्रावरून म्हणेल की तोंड उघडून हातचे घालवणारा कावळा म्हणजे हॅरॉल्ड, आणि कोल्हा म्हणजे त्याच्याकडून शपथ वदवून घेणारा विल्यम. दोन्ही वाचने चित्राशी जुळतात. यावरून काहींनी असा निष्कर्ष काढला की कँटरबरीच्या इंग्रज कारागिरांनी नॉर्मन मालकाच्या डोळ्यांदेखत काठात गुप्तपणे आपली बाजू मांडली. ही कल्पना आकर्षक आहे, पण मला ती तेवढ्या पुराव्यावर पटत नाही. गोष्ट मुद्दाम निवडली आहे हे पुनरावृत्तीवरून आणि तिच्या जागेवरून दिसते, एवढेच म्हणता येते. कावळा कोण आणि कोल्हा कोण, हे चित्र सांगत नाही, आणि जे चित्र दोन्ही पक्षांना तितकेच पटते त्यावरून कारागिराचा पक्ष ठरवता येत नाही.

मनचे जोडले जात नाही ना, हे तपासण्याचा एक साधा उपाय आहे, आणि तो फार थोडे लोक करतात. तो म्हणजे जुळणारी उदाहरणे मोजताना न जुळणारीही मोजणे. काठातले बहुसंख्य प्राणी म्हणजे तिरप्या पट्ट्यांच्या मधल्या चौकटीत समोरासमोर किंवा पाठमोरे बसवलेले पक्षी, सिंह आणि पंख असलेले काल्पनिक पशू आहेत, आणि त्यांचा वरच्या प्रसंगाशी काहीही संबंध दिसत नाही. वरती कोणी रागावलेला आहे म्हणून खालचा सिंहही रागावलेला आहे, असे वाचन करायचे असेल तर आधी दाखवावे लागेल की शांत प्रसंगांखाली तसे सिंह नाहीत. ते आहेत. म्हणून सिंहांना मी सजावटच मानते, आणि अर्थ शोधायचा तो त्या सजावटीची लय जिथे मोडते तिथे.

लय मोडते असे एक ठिकाण थोडे जवळून पाहू. हॅरॉल्डला पकडणाऱ्या गी या सरदाराकडे विल्यमचे दूत येतात, त्या भागात खालच्या काठात शेती सुरू होते. एक चाकाचा नांगर आहे, तो बैलांनी नव्हे तर एकाच जनावराने, गाढवाने किंवा खेचराने, ओढलेला आहे. त्यापुढे एक माणूस बी फेकतो आहे. मग घोड्याने ओढलेला दात्यांचा कुळव आहे, पेरलेल्यावर माती ओढणारा. आणि शेवटी एक माणूस गोफण फिरवून पक्षी हाकलतो आहे. शेतीच्या इतिहासाच्या पुस्तकांत हा तुकडा हमखास येतो, कारण घोड्याने ओढलेल्या कुळवाचे इतके जुने चित्र क्वचितच सापडते. तेव्हा प्रश्न असा की भरणाऱ्यांनी शेतात हे पाहिले होते का?

इथे दुसरा प्रश्न विचारावा लागतो: हे चित्र आधी कुठे होते? 1957 मध्ये कलाइतिहासकार फ्रान्सिस वर्मल्ड यांनी या कापडातल्या अनेक आकृती कँटरबरीत असलेल्या हस्तलिखितांतल्या चित्रांशी पडताळून पाहिल्या, आणि तेव्हापासून हा शोध थांबलेला नाही. त्या हस्तलिखितांपैकी एक म्हणजे बायबलच्या पहिल्या सहा ग्रंथांचे जुन्या इंग्रजीतले सचित्र हस्तलिखित. ते कँटरबरीच्या सेंट ऑगस्टिन मठात होते आणि आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राहम बळी दिलेल्या जनावरांवर झडप घालणाऱ्या पक्ष्यांना हाकलतो, तो प्रसंग त्यात चितारलेला आहे, आणि काठातला गोफणवाला त्या अब्राहमाशी इतका जुळतो की अनेक अभ्यासक त्याला तिथूनच उचललेला मानतात.

म्हणजे गोफणवाल्यावरून आपल्याला अकराव्या शतकातल्या शेतकऱ्याविषयी फारसे कळत नाही. कळते ते एवढेच की आराखडा काढणाऱ्याच्या नजरेखालून मठातले ते हस्तलिखित गेले होते. आराखडा कँटरबरीचा, हे म्हणण्यासाठी मात्र हाच उत्तम आधार आहे. नांगराचे काय? त्या काळच्या इंग्रज पंचांगांमध्ये जानेवारीच्या पानावर नांगर असतो, पण तो बैलांच्या जोड्यांनी ओढलेला. एकट्या गाढवाचा नांगर तिथून आलेला दिसत नाही. मात्र पंचांगात नाही म्हणून तो शेतावरूनच आला असेही म्हणता येत नाही, कारण काठाची उंची जेमतेम सात सेंटिमीटर आहे. चार बैलांची रांग तिथे लांबवण्यापेक्षा एक जनावर काढणे आराखडा करणाऱ्याला सोपे गेले असेल. हा चित्रकाराचा नाइलाज असू शकतो, शेतकऱ्याची पद्धत नव्हे. घोड्याचा कुळव मात्र कोणत्याही ज्ञात नमुन्यावरून आलेला दिसत नाही आणि त्याची जोडणी तपशिलात दाखवलेली आहे, म्हणून पुरावा म्हणून मी त्याच्यावर सगळ्यात जास्त वजन टाकते. एकाच हातभर काठात चार आकृत्या आहेत आणि त्यांची विश्वासार्हता एकसारखी नाही.

आता तुम्ही विचारलेल्या नागड्या माणसांकडे येते. त्यातली सर्वाधिक चर्चा झालेली आकृती एल्फगीवा नावाच्या बाईच्या चित्राखाली आहे. विल्यम हॅरॉल्डला आपल्या वाड्यात घेऊन येतो, आणि पुढच्या मोहिमेआधी एकदम एका दारात उभी असलेली स्त्री दिसते. एक धर्मगुरू हात लांब करून तिच्या चेहऱ्याला स्पर्श करतो आहे. वर लॅटिनमध्ये लिहिले आहे, ‘जिथे एक धर्मगुरू आणि एल्फगीवा’, आणि वाक्य तिथेच थांबते, क्रियापद नाही. खालच्या काठात एक नागडा पुरुष बसला आहे आणि त्याचा हात त्या धर्मगुरूच्या हाताचीच नक्कल करतो. वरच्या आकृतीची मुद्रा खालच्या आकृतीने उचलावी, हे सिंहांसारखे योगायोगाने होत नाही. तेव्हा काठ इथे वरच्या प्रसंगाविषयी काहीतरी अभद्र सुचवतो आहे, याबद्दल बहुतेकांचे एकमत आहे. एल्फगीवा कोण, याबद्दल मात्र नाही. एल्फगीवा हे इंग्लंडच्या राजघराण्यात अनेक स्त्रियांचे नाव होते. कोणी ती राजा एडवर्डची आई एमा म्हणते, कारण तिला इंग्लंडमध्ये हेच नाव दिले होते, तर कोणी तिचीच सवत नॉर्थॅम्प्टनची एल्फगीवा. पाहणाऱ्यांना ही कुजबुज ठाऊक होती, म्हणूनच वाक्य अर्धे सोडले गेले असावे. काठ सांगतो की कुजबुज होती, तिचा विषय सांगत नाही.

काठात वेळेचाही गोंधळ होतो, आणि तो समजून घेतला नाही तर फसगत होते. हॅरॉल्डचा राज्याभिषेक 6 जानेवारी 1066 ला झाला. कापडावर त्याला लागूनच लोक वर बोट दाखवत आहेत आणि वरच्या काठात शेपटीचा तारा आहे, म्हणजे हॅलेचा धूमकेतू. इंग्रज बखरीनुसार तो 24 एप्रिलला दिसू लागला आणि आठवडाभर दिसत राहिला. म्हणजे सिंहासन आणि धूमकेतू यांच्यामध्ये साडेतीन महिने आहेत, ते कापडावर हातभर अंतरात गिळले आहेत. त्याच वेळी खालच्या काठात, बसलेल्या हॅरॉल्डच्या पायाखाली, केवळ बाह्यरेषांनी काढलेली रिकामी जहाजे आहेत. ती तेव्हा तिथे नव्हती. येणाऱ्या आक्रमणाची ती चाहूल आहे, हॅरॉल्डच्या मनातली म्हणा किंवा आराखडा करणाऱ्याच्या मनातली. म्हणून काठातल्या जागेवरून तारीख काढू नये.

लढाई सुरू झाली की खालच्या काठातले पशू मागे पडतात आणि त्यांच्या जागी धनुर्धारी, पडलेले घोडे आणि प्रेते येतात. इथला एक तुकडा मला फार आवडतो, कारण तिथे काठाने मधल्या पट्ट्याची चूक उघडी पाडली आहे. मधल्या पट्ट्यात घोडेस्वारांची कड्यांची चिलखते मांड्यांवर अशी दिसतात जणू ती विजारीसारखी दोन पायांत शिवलेली आहेत. अशा चिलखतात घोड्यावर बसणे अवघडच. काठात, मृतांना लुबाडताना, लोक तीच चिलखते प्रेतांच्या डोक्यावरून सदऱ्यासारखी ओढून काढत आहेत. विजारीचे पाय असते तर ती अशी निघालीच नसती. म्हणजे चिलखताचा घेर खाली मोकळा होता, स्वारीसाठी पुढे-मागे चीर होती, आणि मांडीला बिलगलेल्या त्या घेराचे चित्र मधल्या पट्ट्यात विजारीसारखे उमटले. अर्थात कापडाचा शेवटचा भाग सगळ्यात जास्त झिजलेला आणि दुरुस्त झालेला आहे, अखेरचा तुकडा तर गायबच आहे, म्हणून इथेही आधी बन्वाच्या रेखाटनात ओढाताण दिसते की नाही हे पाहणे आले.

तुम्ही फोटो पाहत होता असे लिहिले आहे, म्हणून एक सूचना करते: फोटो मूळ कापडाचा आहे याची खात्री करून घ्या. इंग्लंडमध्ये लीक नावाच्या गावच्या स्त्रियांनी 1885-86 मध्ये या कापडाची पूर्ण आकाराची भरतकामातली प्रतिकृती केली. ती आज रेडिंगच्या संग्रहालयात आहे आणि तिचेही फोटो सगळीकडे फिरतात. त्यांनी समोर ठेवलेल्या चित्रांमध्ये लंडनच्या संग्रहालयातच काठातल्या नागड्या माणसांना सभ्य करून टाकलेले होते, आणि भरणाऱ्यांनी जे दिसले ते टाका न टाका इमानाने उतरवले. तुम्हाला दिसलेली माणसे खरोखर नागडी असतील तर तुम्ही मूळ कापड पाहिले असण्याची शक्यता जास्त आहे. एल्फगीवाखालच्या माणसाने चड्डी घातलेली दिसली, तर तो फोटो रेडिंगचा.